राजमा-भात: भात जास्त की राजमा जास्त?

राजमा-भाताकडे प्रथिनांचा स्रोत म्हणून पाहणाऱ्याला एक गोष्ट आधी मान्य करावी लागते: राजम्यातही प्रथिनांपेक्षा कर्बोदकेच कितीतरी अधिक असतात. १०० ग्रॅम कोरड्या राजम्यात सुमारे २३ ग्रॅम प्रथिने आणि ६० ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच कच्च्या पांढऱ्या तांदळात ७ ग्रॅम प्रथिने आणि ८० ग्रॅम कर्बोदके असतात.

आता एका जेवणाची दोन ताटे घेऊ. पहिल्यात ५० ग्रॅम कोरडा राजमा आणि ७५ ग्रॅम तांदूळ, दुसऱ्यात ही मापे उलटी. पहिल्या ताटात सुमारे १७ ग्रॅम प्रथिने आणि ९० ग्रॅम कर्बोदके येतात. दुसऱ्यात प्रथिने २०-२१ ग्रॅमपर्यंत चढतात, पण कर्बोदके मात्र ८५ ग्रॅमपर्यंतच उतरतात. केवळ या बेरजेवर निर्णय घेणाऱ्याला अदलाबदल व्यर्थ वाटेल, आणि माझ्या मते तिथेच गफलत होते. राजम्याच्या कर्बोदकांत न पचणाऱ्या तंतूंचा मोठा वाटा असतो, त्यामुळे दुसऱ्या ताटात सुमारे १२ ग्रॅम तंतू मिळतात आणि पहिल्यात जेमतेम ८. शिवाय राजम्यातील स्टार्च भातातील स्टार्चपेक्षा सावकाश पचते, म्हणून रक्तातील साखर सांभाळणाऱ्याने दुसरे ताट निवडावे. (पोटात वायू धरण्याची तक्रार असेल, तर हा बदल एकदम न करता हळूहळू करणे बरे.)

कर्बोदके खरोखर कमी करायची असतील, तर काढलेल्या तांदळाची जागा राजम्याने भरून भागत नाही. ७५ ग्रॅम राजम्याबरोबर २५ ग्रॅमच तांदूळ घेतला, तर कर्बोदके ६५ ग्रॅमवर येतात आणि प्रथिने सुमारे १९ ग्रॅम राहतात. भात अजिबात वगळावा असे मात्र मी म्हणणार नाही, कारण प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी मेथिओनिन राजम्यात कमी आणि लायसिन भरपूर असते, तर तांदळाचे नेमके उलट असते, म्हणून दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. उलट ज्याला कष्टाच्या कामासाठी ऊर्जा हवी आहे, त्याला पहिले ताटच सोयीचे पडते.

हा सगळा हिशेब कोरड्या वजनाचा आहे. भिजून शिजलेला राजमा पाणी शोषून दुपटीहून अधिक जड होतो, त्यामुळे रस्सा निथळलेल्या १०० ग्रॅम शिजलेल्या दाण्यांत ८-९ ग्रॅमच प्रथिने उरतात. तिथे २३ हा आकडा लावला की हिशेब जवळजवळ अडीचपट फुगतो. म्हणून शिजवण्यापूर्वी राजमा तोलावा आणि शिजल्यावर रश्श्यासकट सगळ्या भाजीचे वजन घ्यावे. २०० ग्रॅम राजम्याची भाजी ९०० ग्रॅम भरली, तर २२५ ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम कोरडा राजमा आला, अर्थात वाढण्यापूर्वी भाजी तळापासून ढवळलेली असेल तर. नाहीतर पहिल्या वाटीत रस्साच अधिक जातो.