कॅटनच्या चकत्या: अक्षरक्रम की सरमिसळ?

क्लाउस टॉयबर यांच्या 1995 च्या ‘कॅटन’ या खेळात षट्कोनी जमिनींचा पट असतो, आणि दोन फाशांची बेरीज जमिनीवरच्या चकतीच्या आकड्याइतकी आली की तिच्या कोपऱ्यावर वसाहत असलेल्याला माल मिळतो. या आकड्यांच्या 18 चकत्या पटावर दोन प्रकारे मांडता येतात. एकतर मागच्या अक्षरांच्या क्रमाने, पटाच्या कोपऱ्यापासून आत वळत जाणाऱ्या सर्पिल रांगेत. नाहीतर चकत्या पिसून, फक्त लाल 6 आणि 8 एकमेकांना चिकटणार नाहीत एवढे पाहून. पुण्यातल्या आमच्या रविवारच्या बैठकीत दोन्ही पद्धती बराच काळ चालल्या.

लाल आकड्यांना वेगळे का ठेवायचे, हे फाशांच्या 36 जोड्यांवरून कळते. पहिल्या फाशावर काहीही पडले, तरी दुसऱ्याची एक बाजू बेरीज 7 करतेच. म्हणून 7 च्या जोड्या 6. बेरीज 6 मात्र पहिल्यावर 6 पडताच हातची जाते, आणि 8 पहिल्यावर 1 पडला की. म्हणून त्यांच्या जोड्या प्रत्येकी 5. बारासाठी एकच जोडी उरते. चकतीवरचे ठिपके म्हणजे याच जोड्या. सर्वाधिक पडणाऱ्या 7 ला रचनाकाराने चकतीच दिली नाही. ते दान दरोडेखोराचे, म्हणजे एखाद्या जमिनीचे उत्पन्न रोखणाऱ्या सोंगटीचे.

आता तीन षट्कोन मिळतात अशा एका कोपऱ्यावर 6, 8 आणि 5 आले, तर तिथल्या वसाहतीला 14 ठिपके मिळतात, म्हणजे 36 पैकी 14 दानांत काहीतरी हाती येते. अक्षरक्रमात, वाळवंट म्हणजे बिनचकतीचा षट्कोन मध्यभागी असेल तर, सर्वोत्तम कोपरा 12 ठिपक्यांचा निघतो. उदाहरणार्थ 8, 10 आणि 5. शिवाय वाळवंट कुठेही असले, तरी लाल चकत्या शेजारी येत नाहीत.

सरमिसळीत पट दर वेळी नवा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. अक्षरक्रमात 12, 11 आणि 4 हे कमकुवत आकडे सलग येतात आणि सरावलेला खेळाडू तो भाग दुरूनच ओळखतो. रस्त्यांना लागणाऱ्या विटांचे तीनच षट्कोन असतात. त्यांवर 2, 3 आणि 12 पडून सगळ्यांचेच रस्ते अडण्याची भीती मात्र दोन्हींकडे आहे, कारण जमिनीचे षट्कोन पिसलेलेच असतात.

माझ्यापुरता निर्णय झाला तो अदलाबदलीच्या कटकटीने. पिसलेल्या चकत्यांत 6 आणि 8 चिकटले की एक हलवावा लागतो. तो हलवला की कधी दुसऱ्या लाल चकतीला जाऊन भिडतो, आणि कुठला कुठे न्यायचा यावर प्रत्येक जण स्वतःच्या सोयीची सूचना अत्यंत निःस्वार्थ चेहऱ्याने करतो. पहिले दान पडायच्या आधीच चहा निवतो.

एका डावातील साठेक दानांत 8 साधारण आठ वेळा यावा, पण पाच किंवा अकरा वेळाही सहज येतो, त्यामुळे मांडणीतला बारीक फरक पुष्कळदा फाशांतच बुडून जातो. सगळेच मुरलेले खेळाडू असतील तर सरमिसळ कदाचित अधिक रुचेल. मिश्र मंडळींसाठी मी अक्षरक्रमच सुचवेन, आणि सुरुवातीचा कोपरा एकच फासा टाकून ठरवावा: पटाचे कोपरे सहा आहेत, आणि एका फाशावर सहाही बाजू समसमान पडतात.