वॉशिंग मशीनवर ड्रेनचा एरर आला आणि टेक्निशियन म्हणाला "कार्ड गेलं", तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे फ्रंट लोड मशीन आहे आणि त्यात माझी जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहितेय, कारण नंतर दोन-तीन ओळखीच्यांना सांगितलं तर त्यातल्या एकीच्या घरी अगदी हाच प्रकार झालेला निघाला. तोच डायलॉग, तेच "कार्ड", म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड.

झालं असं की धुणं अर्ध्यावर थांबलं, ड्रममध्ये पाणी तसंच, काचेतून कपडे तरंगताना दिसतायत, डिस्प्लेवर पाणी बाहेर न गेल्याचा कोड आणि दार काही उघडेना. दार ओढून बघितलं, बटणं दाबून बघितली, तर मग दाराचापण एरर दाखवायला लागलं. आता साहजिकच मला वाटलं की दोन-दोन गोष्टी बिघडल्या. नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, जो सगळ्यात वर आला त्याला फोन लावला, समोरच्याने कंपनीचंच नाव घेऊन नमस्कार वगैरे केला आणि त्याच दिवशी माणूस पाठवला. (तो वरचा नंबर जाहिरातीचा होता, कंपनीचा नव्हताच. खरा नंबर मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत किंवा वॉरंटी कार्डवर असतो, तिथूनच घ्या.)

माणूस बोलायला गोड. कोड बघितला न बघितला आणि म्हणाला, मॅडम डोअर लॉक आणि ड्रेन दोन्ही एकदम आलंय म्हणजे मेन कार्डच जळालंय. मग मला म्हणाला जरा जुनी फडकी आणा, टॉर्च आणा, मोबाईल चार्जिंगला लावा, असं करत मला आत-बाहेर पिटाळत राहिला. मी परत आले तेव्हा मशीनच्या पुढच्या बाजूला फरशी ओली होती, दार उघडं होतं आणि ओले कपडे टबमध्ये काढलेले. मी म्हटलं दादा, पाणी कसं गेलं? तर म्हणे "मॅन्युअली काढलं". मग वरचं झाकण उघडून बोर्ड काढला, पिशवीत घातला, अ‍ॅडव्हान्स घेतला आणि गेला. दोन दिवसांनी "नवीन" बोर्ड बसवला, मशीन चालू करून दाखवलं, उरलेले पैसे घेतले. सगळे मिळून एवढे की त्यात थोडी भर घातली असती तर जुनं मशीन देऊन दुसरं आलं असतं. बिल म्हणजे वहीतला एक कागद, त्यावर ना कंपनीचं नाव ना पार्टचा नंबर.

पुढे एकदा मशीन सरकवून खाली झाडू मारला तर तिथून काळपट पडलेली केसांची क्लिप आणि तिला गुंडाळलेला धाग्यांचा चिकट गोळा निघाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका आयुष्यभर मशीनची कामं करत आलेत, त्यांना बोलावलं. त्यांनी झाकण उघडून बोर्ड दाखवला, त्यावर कित्येक वर्षांची धूळ साचलेली आणि स्टिकरवर मशीन बनलं त्याच वर्षाची तारीख. म्हणजे माझाच बोर्ड दोन दिवस फिरवून आणून परत लावला होता. काका म्हणाले, "अगं, ड्रममधलं पाणी त्याने बोर्ड काढायच्या आधी काढलं ना? मग ते पुढच्या फिल्टरमधूनच काढलंय. तिथेच क्लिप सापडली, तिथेच काम संपलं, बाकी सगळं नाटक."

मूळ कंपनीला फोन केला तर त्यांच्याकडे माझ्या नावाने तक्रारच नोंदलेली नव्हती. आणि तो आधीचा नंबर आता उचलत नाही.

आता मुद्द्याचं, हे दोन एरर एकत्र का येतात. फ्रंट लोडमध्ये पाणी दाराच्या काचेपर्यंत असतं, त्यामुळे आत पाणी असेपर्यंत मशीन मुद्दाम दार लॉकच ठेवतं, नाहीतर सगळं पाणी घरात येईल. म्हणजे पंपाने पाणी बाहेर टाकलं नाही की दार उघडणार नाही, यात लॉकचा काही दोष नाही, लॉक आपलं काम बरोबर करतंय. आणि वरून आपण दार ओढाओढी केली की त्याचा वेगळा कोड येऊ शकतो. मशीनला एवढंच कळतं की ठराविक वेळात पाण्याची पातळी खाली गेली नाही. का गेली नाही, पाइप दुमडला की फिल्टर भरला की पंप गेला, हे कोडवरून समजत नाही. त्यामुळे नुसता कोड बघून जो माणूस पार्टचं नाव सांगतो तो अंदाज मारतोय किंवा गंडवतोय.

कोड कंपनीप्रमाणे वेगळे असतात, ड्रेनसाठी कुणाकडे OE, कुणाकडे 5E किंवा 5C, कुणाकडे E18, दारासाठी dE, dC असं काहीतरी. त्या छोट्या डिस्प्लेवर 5 आणि S सारखेच दिसतात, म्हणून 5E शोधून सापडलं नाही तर SE शोधा. आणि आधी डिस्प्लेचा फोटो काढून ठेवा, बंद केल्यावर कोड जातो.

मग स्वतः काय बघायचं ते काकांनी जसं करून दाखवलं तसं लिहिते. आधी मशीन बंद, प्लग सॉकेटमधून बाहेर, नळ बंद. फरशी ओली असेल तर ओल्या पायांनी प्लगला हात लावू नका, मेन स्विच खाली करा. धुणं गरम पाण्याचं चालू असेल तर पाणी गार होईपर्यंत थांबा, 60 डिग्रीचं पाणी अंगावर आलं तर भाजतं. दार ओढू नका, बऱ्याच मशीनमध्ये वीज बंद झाल्यावरही लॉक सुटायला मिनिट-दोन मिनिटं लागतातच.

मग मागचा ड्रेन पाइप. मशीन भिंतीला टेकून पाइप चेपला असेल, दुमडला असेल तर तिथेच उत्तर मिळतं. पाइपचं तोंड आउटलेटमध्ये फार आत खुपसलेलं नको, आणि किती उंचीवर हवं ते पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेक मशीनला साधारण 60 ते 100 सेंटीमीटर चालतं. ज्या आउटलेटमध्ये पाणी जातं तेच तुंबलेलं नाही ना हेपण बघा, तसं असेल तर मशीनवाल्याचं नाही, प्लंबरचं काम आहे.

ते ठीक असेल तर फिल्टर. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते, ती उघडली की गोल झाकण दिसतं. काही मशीनला शेजारी एक बारीक नळी असते, तिचं बूच काढून पाणी थोडं थोडं सोडायचं. ही जागा इतकी खाली असते की बादली मावत नाही, पसरट ताट किंवा ट्रे लागतो आणि तो परत परत रिकामा करावा लागतो. ड्रम भरलेला असेल तर बरंच पाणी येतं, घाई केली की घरभर तळं. नळी नसेल तर गोल झाकण अगदी थोडंसं सैल करायचं, पाणी आलं की परत घट्ट, ट्रे रिकामा, परत सैल. धार पूर्ण थांबली की मगच झाकण बाहेर काढायचं.

आत काय काय निघतं विचारू नका. नाणी, क्लिपा, बटणं, लहान मोजा, ब्राची तार, आणि केस-धाग्यांचा बुळबुळीत गोळा. फिल्टर नळाखाली धुवा, मग त्या भोकात टॉर्च मारून बघा, शेवटी पंपाचा छोटा पंखा दिसतो. लाकडी काडीने तो फिरवून बघायचा, बोट घालायचं नाही, तार किंवा पिन टोचू शकते. आणि हे लक्षात ठेवा की तो पंखा गुळगुळीत फिरत नाही, अडखळत, टक टक करत फिरतो, आत चुंबक असतं म्हणून. ते नॉर्मल आहे. ओळखीच्या त्या मैत्रिणीला तेच दाखवून "बघा पंप जाम आहे" म्हणून पंपाचेपण पैसे उकळले होते. अजिबात हललाच नाही तर मात्र खरंच काहीतरी अडकलंय किंवा पंप गेलाय.

झाकण परत नीट आट्यात बसवून पूर्ण घट्ट करा, तिरकं बसलं तर पुढच्या धुण्याला खालून गळतं. मग प्लग लावून कपड्यांशिवाय फक्त ड्रेन किंवा स्पिन लावा आणि कान देऊन ऐका. घूं आवाज येतो आणि पाणी जातं, झालं काम. घूं येतो पण पाणी जात नाही, म्हणजे पुढे पाइपात कुठेतरी अडकलंय किंवा पंखा फिरत नाहीये. आवाजच नाही, तर पंप, वायर किंवा बोर्ड, आणि इथे आपण थांबायचं. मागचं किंवा वरचं पॅनल आपण उघडायचं नाही.

दाराचाच कोड एकटा आला असेल, आत पाणी नसेल, तर रबराच्या कडेत कपड्याचं टोक अडकलंय का बघा, दार टक असा आवाज येईपर्यंत दाबा, दाराचा हूक हलतोय का बघा. एवढं करून येत राहिला तर लॉक खराब असू शकतो.

बोर्ड कधी जातच नाही असं मी म्हणत नाही, जातो. पण ते मीटर लावून कळतं. ड्रेन चालू असताना पंपापर्यंत वीज येतेय आणि पंप गप्प आहे, तर पंप गेला. वीज येतच नाही, तर वायर नाहीतर बोर्ड. टेक्निशियनला सरळ म्हणायचं, दादा आधी फिल्टर माझ्यासमोर उघडा आणि पंपाला मीटर लावून दाखवा. काका म्हणाले, ज्याला काम येतं तो याचा राग मानत नाही. बोर्ड किंवा कुठलाही पार्ट घराबाहेर न्यायचा म्हणाला तर त्याच्या स्टिकरचा, नंबर दिसेल असा फोटो आधी काढा, नवीन पार्ट बसवला तर जुना आपल्याकडे ठेवून घ्या, आणि बिलावर दोन्हीचे नंबर लिहायला लावा.