ईडीआरसाठी दिलेला बजेट मेमो: वर्षभर वापरल्यावर

जळगाव एमआयडीसीतली आमची डाळ मिल. अठरा पीसी, एक सर्व्हर. ईडीआर, म्हणजे प्रत्येक मशीनवरच्या संशयास्पद हालचालींवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचा मेमो दिला तेव्हा आप्पांचा एकच प्रश्न होता, "काय भो, अँटिव्हायरस आहे ना? मग आता हे कशाला?"

मेमोतला हिशेब असा होता. रॅन्समवेअरने सीझनमध्ये चार दिवस मिल थांबली, तर दिवसाला दीड लाख धरून सहा लाख, वर डेटा परत उभा करायला एक लाख. पाच वर्षांत एकदा असं होईल हा आमचा अंदाज, म्हणजे वर्षाला 1 लाख 40 हजारांची जोखीम. ईडीआरने ती निम्मी होईल असं धरलं, तर 70 हजार वाचतात. खर्च जीएसटीसकट पन्नास हजारांच्या आत. आप्पांनी सही केली, पण चोवीस तास नजर ठेवणाऱ्या सेवेची ओळ खोडून.

सगळी गोम त्या ओळीत आहे. ईडीआर संशयास्पद हालचाल ओळखून अलर्ट देतं, पण तो बघायला माणूस लागतो. आमचं ऑफिस आठवड्याला 54 तास उघडं, आठवडा 168 तासांचा. शिवाय व्हेंडरने पॉलिसी 'फक्त ओळखा, अडवू नका' अशीच ठेवून दिलेली. हल्ला कुठल्याही तासाला येऊ शकतो म्हटलं, तर 70 हजारांपैकी जेमतेम 23 हजार पदरात पडतात. पन्नास हजार घालून 23 हजार! दोन महिने मी या व्हेंडरला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

मग सेटिंगमध्ये ऑटो आयसोलेशन सापडलं. गंभीर अलर्ट आला की तो पीसी नेटवर्कवरून आपोआप तुटतो, फक्त कन्सोलशी जोडलेला राहतो. जादा पैसे नाहीत. इथे माझं मत फिरलं.

अर्थात फुकट काहीच नसतं. 20 तारखेला, जीएसटीआर-3बी भरायच्या दिवशी, अकाउंट्सचा पीसी तुटला. टॅलीत एंट्री ओढणारी एक्सेलची जुनी मॅक्रो अशी सुरू होणारा कमांड चालवत होती:

```
powershell.exe -enc
```

एक्सेलमधून असा दडवलेला कमांड निघणं ही हल्लेखोरांचीही नेहमीची रीत, त्यामुळे टूलचं चुकलं नव्हतं. पण आप्पांना ते कोण सांगणार? एक्सेलला सरसकट सूट देणं म्हणजे दारच उघडं ठेवणं, म्हणून सूट न देता मॅक्रोच बदलून घेतली.

सर्व्हरला मात्र ऑटो आयसोलेशन लावलेलं नाही. तो तुटला की वजनकाटा बंद, गेटवर ट्रकांची रांग. एकट्या सर्व्हरसाठी रात्रीची सेवा मागितली, तर व्हेंडर म्हणे किमान 25 मशीन हवीत.

रिन्यूअलच्या मेमोत दोनच ओळी टाकल्यात: ईडीआर चालू ठेवायचं, आणि बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवायच्या दोन हार्ड डिस्क. दुसऱ्या ओळीवर आप्पा म्हणाले, "एक नाही चालणार का?"