मोठं निमंत्रण कापायचं की कॅप्शन नव्यानं लिहायची?

आमच्या वाचनालयाचं इन्स्टा आणि व्हॉट्सअॅपचं काम दोनेक वर्षं माझ्याकडे आहे, म्हणजे मी काही मागितलं नव्हतं, पण "तुला मोबाईलमधलं कळतं" असं एकदा ठरलं की सुटका नसते. सेक्रेटरी काका पानभर निवेदन पाठवतात आणि खाली लिहितात, "याचं छोटंसं करून टाक." हे छोटंसं करायच्या दोन पद्धती मी वापरून बघितल्यात. पहिली कात्रीची, म्हणजे मूळ मजकूर पेस्ट करायचा आणि नको ते उडवत जायचं. दुसरी कोऱ्या पाटीची, म्हणजे निवेदन एकदा वाचायचं, बाजूला ठेवायचं आणि कधी-कुठे-काय हे आपल्या शब्दांत लिहायचं.

(तिसरी पण आहे, सगळं पोस्टरवर आणि कॅप्शनमध्ये फक्त "नक्की या!". ती मी धरतच नाही. फोटोतला पत्ता कॉपी करून मॅपमध्ये टाकायला जा, पुढच्या आठवड्यात ग्रुपमध्ये "कथाकथन" सर्च करून बघा, म्हणजे कळेल.)

कात्रीच्या बाजूनं आधी बोलतो, कारण वर्षभर मी तेच करत होतो. वेळ कमी लागतो आणि तारखेचे आकडे तुम्ही टाईपच करत नाही त्यामुळे ११ चे १२ होत नाहीत. अध्यक्षांच्या नावामागची उपाधी जशीच्या तशी राहते, हे बाहेरच्याला किरकोळ वाटेल पण कमिटीत बसून बघा. घाईत असाल आणि कार्यक्रम एकच, जागा एकच असेल तर कात्री चालते, माझी तक्रार नाही.

माझं बिनसलं ते ह्या जानेवारीत. काकांचं निवेदन साधारण असं होतं: "कळविण्यास अत्यंत आनंद होतो की प्रतिवर्षाप्रमाणे याही वर्षी शनिवार दि. १० व रविवार दि. ११ जानेवारी २०२६ रोजी सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेत वाचनालयात जुन्या पुस्तकांचे प्रदर्शन व विक्री आयोजित केली आहे." मग देणगीदारांचे आभार, मग वाचनसंस्कृतीवर सहा ओळी, आणि पार खाली, "सदर उपक्रमानिमित्त दुसऱ्या दिवशी सायं. ठीक ५:३० वाजता शेजारील शाळेच्या सभागृहात कथाकथन होईल."

मी कात्री चालवली आणि उरलं ते हे: "जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन आणि कथाकथन. शनि-रवि १०-११ जानेवारी, सायं. ५:३०, वाचनालय."

वाचताना काही खटकतंय का? मला तरी खटकलं नव्हतं. तारखा बरोबर, वेळ बरोबर, जागा पण बरोबर, फक्त ती वेळ एका कार्यक्रमाची आणि जागा दुसऱ्याची. शनिवारी साडेपाचला सात-आठ जण वाचनालयात कथाकथनाला हजर, त्यात एक आजी रिक्षा करून आलेल्या, आणि सकाळी दहाला पुस्तकं घ्यायला येऊ शकले असते ते बिचारे प्रदर्शन संध्याकाळीच आहे असं समजून बसलेले. आजी काही बोलल्या नाहीत, दोन पुस्तकं घेऊन गेल्या, पण मला ते जास्त लागलं.

नंतर शांतपणे बघितलं तर चूक माझ्या घाईची होतीच, पण थोडी त्या भाषेची पण होती. आपली निवेदनं "सदर", "वरील", "त्याच दिवशी", "शेजारील" ह्या शब्दांनी एकमेकांत गुंतवलेली असतात, प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याकडे बोट दाखवतं. मधलं वाक्य उडवलं की बोट हवेत राहतं. "दुसऱ्या दिवशी" कुठल्या दिवसाच्या दुसऱ्या? "शेजारील" कुणाच्या? कापताना हे आपल्याला दिसत नाही कारण मूळ मजकूर आपल्या डोक्यात ताजा असतो, फॉरवर्ड वाचणाऱ्याच्या डोक्यात तो नसतो.

कोऱ्या पाटीत हे होतच नाही असं नाही, पण सापडतं लवकर. लिहायला बसलं की पहिलाच प्रश्न येतो, कधी? आणि उत्तर एका ओळीत मावत नाही म्हणजे कार्यक्रम दोन आहेत, मग कॅप्शन पण दोन. तेव्हाच असं केलं असतं तर कथाकथनाची अशी झाली असती:

*रविवार ११ जानेवारी, संध्याकाळी ५:३०*
शाळेचं सभागृह, पहिला मजला (वाचनालयाला लागून)
कथाकथन. प्रवेश मोफत.

चांदण्या व्हॉट्सअॅपवर ठळक करायला, इन्स्टावर काढून टाकायच्या. तारीख सगळ्यात वर, कारण इन्स्टावर पहिल्या दोनेक ओळींनंतर "more" येतं आणि मर्यादा २,२०० अक्षरांची असली तरी "सस्नेह निमंत्रण" पाशीच गुंडाळी होत असेल तर त्या २,२०० चा उपयोग काय. वार आणि तारीख दोन्ही लिहितो, एक चुकलं तर दुसऱ्यावरून कुणीतरी लगेच विचारतं. "उद्या" आणि "येत्या रविवारी" बंद केलंय, मेसेज तीन दिवसांनी फॉरवर्ड झाला की उद्या कुठला ते देवाला माहीत. कोजागिरीसारखं रात्रीचं काही असलं तर "रात्री १२" एकटं लिहीत नाही, "सोमवारी रात्री ९ पासून" असं सुरुवातीचं लिहितो, नाहीतर अर्धे लोक मंगळवारी रात्री येतील.

आणि जागेला गावाचं नाव. तुम्ही म्हणाल आमच्या गावात सगळ्यांना माहितीये, पण कॅप्शन गावात राहत नाही. भावे नाट्यगृह म्हटलं की सांगलीकराला सांगलीतलं आठवतं आणि नवी मुंबईकराला वाशीचं, अत्रे रंगमंदिर कल्याणला आहे तसं पिंपरीतही आहे. एक शब्द वाढतो, वाढू दे.

ह्या पद्धतीची खोट एकच, आणि ती बारीक नाही: आकडे तुम्ही हातानं टाकता. मी एकदा ५:३० चे ६:३० केलेत, सुदैवानं पोस्ट करायच्या आधी दिसलं. म्हणून आता तारीख, वेळ आणि जागा तेवढी मूळ निवेदनातून कॉपी करतो, वार कॅलेंडरमध्ये बघतो, आणि कॅप्शन निवेदन न वाचलेल्या माणसाला दाखवतो, आमच्याकडे ते काम बहिणीचं. तिला एवढंच विचारायचं, "किती वाजता आणि कुठे जाशील?" ती अडखळली तर परत लिहायचं. "कशी वाटली?" विचारू नका, छानच म्हणतात. ह्या सगळ्याला कात्रीपेक्षा दहाएक मिनिटं जास्त जातात, माझी जातात तरी. पाहुण्यांचं नाव राहून गेल्यानं एकदा बोलणी पण खाल्लीत, आता ते चौथ्या ओळीत घालतो.

तुमच्याकडे निवेदनं मुळातच चार ओळींची येत असतील तर कात्री पुरेल, उगाच पाटी पुसत बसू नका. वार्षिक सभेची नोटीस असेल तर यातलं काहीच करू नका, ती अख्खीच्या अख्खी टाका आणि वर फक्त तारखेची ओळ जोडा. पण निवेदनात दोन तारखा किंवा दोन जागा दिसल्या, किंवा "सदर" दोनदा आलं, तर मी तरी कात्री हातात घेत नाही. काका अजून पानभरच पाठवतात, फक्त आता खाली लिहितात, "छोटं कर, आणि बहिणीला दाखव."