तीन वर्षांची आरोग्य पॉलिसी: तेवीस महिन्यांनंतरचा हिशोब

एप्रिल २०२४ मध्ये मी, बायको आणि मुलगा अशा तिघांसाठी दहा लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच कवच असलेली, पॉलिसी घेतली. वर्षाचा प्रीमियम २४,००० रुपये होता. दोन वर्षांचे एकदम भरले तर ५ टक्के सूट होती आणि तीन वर्षांचे भरले तर १० टक्के. मी तीन वर्षांची घेतली. ७२,००० मधून ७,२०० सुटले, राहिलेल्या ६४,८०० वर १८ टक्के जीएसटी लागला आणि एकूण ७६,४६४ रुपये भरले.

माझ्या मेहुण्यांनी त्याच महिन्यात त्याच कंपनीची तीच पॉलिसी घेतली, पण एका वर्षाची. त्यांचं कुटुंबही तिघांचं आणि वयं जवळपास आमच्याएवढीच. त्यामुळे तुलना आयतीच मिळाली.

पहिल्या वर्षी त्यांनी करासकट २८,३२० भरले. २०२५ च्या रिन्युअलला कंपनीने दर १५ टक्क्यांनी वाढवले आणि त्यांना २७,६०० अधिक कर, म्हणजे ३२,५६८ भरावे लागले. मला त्याच वेळी ईमेल आला की दर बदलले आहेत, मात्र तुमच्या पॉलिसीला ते मुदत संपल्यावर लागू होतील. मधल्या काळात माझ्याकडून एक रुपयाही जादा मागितला गेला नाही. दरवाढ चालू मुदतीला लागत नाही, रिन्युअललाच लागते, आणि तीन वर्षांच्या पॉलिसीचा खरा फायदा तिथेच आहे.

सवलतीचं मात्र मला आता फारसं कौतुक वाटत नाही, कारण त्यातला बराच भाग आपल्याच पैशांचं व्याज असतं. मी एका वर्षापुरते २८,३२० भरून उरलेले ४८,१४४ रुपये सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले असते आणि दरवर्षी त्यातूनच प्रीमियम भरला असता, तर काय झालं असतं ते वहीत मांडून पाहिलं. त्यात आणखी एक गोष्ट धरावी लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी पूर्ण काढला गेला. मेहुण्यांना यंदाची नोटीस २७,६०० चीच आली आहे, कर नाही. मी तिसऱ्या वर्षाच्या प्रीमियमवरचे ३,८८८ रुपये कर म्हणून आधीच भरून बसलो होतो. कंपनीला विचारलं, तर बिल आणि पैसे दोन्ही जुन्या तारखेचे असल्याने जुनाच कर लागेल, असं उत्तर आलं. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, पण आगाऊ भरण्यातली ही जोखीम मला कुणीच सांगितली नव्हती.

दर वाढलेच नसते, तर एफडीचा मार्ग मला तिसऱ्या वर्षाचा प्रीमियम भरेपर्यंत सुमारे ८०० रुपयांनी स्वस्त पडला असता. दर वाढले म्हणून तीन वर्षांची पॉलिसी व्याज धरूनही साधारण ७,३०० रुपयांनी फायद्यात राहिली.

घेण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करा, वर्षनिहाय प्रीमियमची फोड मागा. माझ्या कोटेशनमध्ये तिन्ही वर्षांना २४,००० च होते. काही कंपन्या मात्र मुदतीत वयाचा टप्पा ओलांडला जाणार असेल, तर त्या वर्षासाठी वरच्या टप्प्याचा दर आधीच धरतात. तसं असेल तर दर गोठतो तो फक्त कंपनीच्या दरवाढीपुरता.

अठराव्या महिन्यात बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दहा लाखांचं कवच तीन वर्षांत मिळून नसून दरवर्षी नव्याने असतं, त्यामुळे तिसऱ्या वर्षी ते पुन्हा पूर्ण मिळेल. क्लेम मंजूर झाला, पण कॅशलेसच्या अंतिम मंजुरीसाठी डिस्चार्जच्या दिवशी नऊ तास ताटकळलो. रागात पॉलिसी पोर्ट करायचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं ठरवलं, तर कळलं की पोर्टिंग रिन्युअललाच होतं. म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत इथेच. रद्द केली तर क्लेम झाला असला तरी, सुरूच न झालेल्या वर्षाचा प्रीमियम परत मिळतो. चालू वर्षाचा मिळत नाही. पण प्रतीक्षा काळाची, म्हणजे काही आजारांना कवच मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळाची, सलगता तुटेल म्हणून तो विचार सोडला.

ज्यांना जुन्या करप्रणालीत ८०डी ची वजावट घ्यायची आहे, त्यांनी एकदम भरलेली रक्कम मुदतीच्या वर्षांत समान वाटायची असते. माझ्या वाट्याला वर्षाला २५,४८८ येतात आणि मर्यादा २५,००० ची आहे.

एप्रिल २०२७ मध्ये मला मधली १५ टक्के वाढ, तोवर आणखी झालेली वाढ आणि वयाचा पुढचा टप्पा, सगळं एकाच नोटिशीत भेटणार. मेहुण्यांना ते हप्त्याहप्त्याने भेटतं आहे. म्हणून मी आतापासून दरमहा बाराशे रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकतो आहे, आणि पोर्टिंगचा अर्ज त्याआधी वेळेत करता यावा म्हणून फेब्रुवारी २०२७ ची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.