भाड्याच्या घरात सोलर बसवावा की इन्व्हर्टर?

पुण्यातल्या पाच मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, तो पुढे वाढेल अशी आशा. हातात वीस-पंचवीस हजार आहेत. तेवढ्यात पाणी तापवणारा शंभर लिटरचा साधा सोलर येतो, किंवा इन्व्हर्टर आणि दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी. पैशांचं गणित सारखंच दिसतं, पण परवानगीचं तसं नाही.

सोलरला घरमालक "हो" म्हणाला तरी काम भागत नाही. गच्ची सोसायटीची, त्यामुळे कमिटीची लेखी ना हरकत लागते. कमिटीची भीतीही खोटी नसते, कारण स्टँडसाठी स्लॅबला भोक पाडलं की वॉटरप्रूफिंग गेलं आणि पावसाळ्यात पाचव्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली. म्हणून अर्जात जागा नेमकी लिहावी: पाण्याच्या टाकीजवळ, खालून बीम जातो त्या रेषेवर, नळ्या दक्षिणेकडे, स्टँड सिमेंटच्या जड ठोकळ्यांवर बांधलेला, गच्चीत ड्रिलिंग नाही. भरलेली टाकी आणि स्टँड मिळून दीडशे किलोच्या पुढे जातं, हेही आपणच सांगावं. सोलरची टाकी इमारतीच्या टाकीच्या तळापेक्षा खाली बसायला हवी, नाहीतर पाणी आपोआप चढत नाही. गच्चीवरची टाकी बुटकी असेल तर विषय तिथेच संपतो.

खरी अडचण मात्र पाइपची. गच्चीवरून डक्टमधून तिसऱ्या मजल्यावर यायला आडवं-उभं धरून वीस मीटर पाइप सहज लागतो. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरला साधारण तीनशे मिली पाणी मावतं, म्हणजे सहा लिटर. रात्रभरात ते गार होतं. पाइपला कितीही जाड वेष्टण घाला, सकाळी पहिली सहा लिटर बादलीत ओतायचीच. गच्चीखालच्याच मजल्यावर राहणाऱ्याला हा त्रास जवळजवळ नाही. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला गिझरला तीनेक युनिट लागतात, ती वाचतात हे कबूल. पण पावसाळ्यात गिझर चालू ठेवावाच लागतो. आणि घर सोडताना? नळ्या काचेच्या, डक्टमधला पाइप जागेवरच राहणार, नव्या घराला गच्ची मिळेलच असं नाही.

इन्व्हर्टर घराच्या चार भिंतींतच बसतो, त्यामुळे घरमालकाची परवानगी बहुधा पुरते. बॅटरीत बारा व्होल्ट गुणिले दीडशे, म्हणजे कागदावर अठराशे वॅट-तास असतात. हाताशी बाराशेच्या आसपास येतात. दोन पंखे, तीन दिवे आणि वायफाय मिळून दोनशे वॅट धरले तर सहा तास निघतात. गिझर त्यावर चालेल, ही आशा ठेवू नये.

जागेसाठी लोक आधी बेडरूम सुचवतात. ती नको. चार्ज होताना ट्यूब्युलर बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शिवाय आम्लाचा वासही येतो. स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारीही नको. पावसाची झड न येणारी ड्राय बाल्कनी, किंवा डीबी म्हणजे घराच्या मुख्य स्विचच्या पेटीजवळचा हवेशीर पॅसेज उत्तम. पन्नास-साठ किलोची बॅटरी ट्रॉलीवर ठेवावी आणि खाली प्लास्टिकचा ट्रे, कारण डिस्टिल्ड वॉटर भरताना उडालेल्या आम्लाच्या थेंबाने फरशीवर पडलेला डाग डिपॉझिटमधून वसूल होतो.

वायरिंगच्या कामात इलेक्ट्रिशियन घाई करतात. घरात दोन आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारे स्विच, असतील आणि इन्व्हर्टर एकावर असताना त्याच्या दिव्यांचा न्यूट्रल दुसऱ्यावर राहिला, की वीज असताना दिवा लावताच आरसीसीबी पडतो. हे दिसलं तर बॅटरीला दोष न देता न्यूट्रल वेगळे करून घ्यावेत. काम सुरू होण्याआधी डीबीचा उघडा फोटो काढून ठेवावा, जाताना वायरिंग पूर्ववत करायला तोच कामी येतो.

माझं मत स्पष्ट आहे: भाडेकरूने इन्व्हर्टरच घ्यावा. मालकाला पाठवायचा मेसेज असा पुरेल:

"काका, नमस्कार. लाइट वारंवार जाते म्हणून मी स्वखर्चाने इन्व्हर्टर बसवू का? बॅटरी ड्राय बाल्कनीत ट्रॉलीवर राहील, भिंतीत फक्त दोन स्क्रू. डीबीतला बदल परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेईन आणि घर सोडताना पूर्ववत करून देईन. इन्व्हर्टर-बॅटरी माझी राहील, जाताना मी नेईन. चालत असेल तर इथेच 'हो' लिहा, म्हणजे नोंद राहील."

शेवटची दोन वाक्यं गाळू नयेत. "माझी राहील" लिहिलेलं नसेल तर बसवलेली वस्तू घराचीच, असा वाद निघतो.

सोलरचा विचार दोनच ठिकाणी करावा. एक, स्वतंत्र बंगला किंवा रो हाउस भाड्याने असेल आणि गच्ची करारात स्पष्ट दिलेली असेल. दुसरं, मालक स्वतः खर्च उचलायला तयार असेल. मग त्याला म्हणावं, सोलर तुमचाच, तुम्हीच बसवा, मी भाड्यात महिना दोन-तीनशे वाढवून देतो. कमिटीकडे अर्जही मग सभासद म्हणून तोच करतो.