तीन लाख दहा हजारांचा कागद, एक लाख एक हजारांचा हार

2023 च्या पावसाळ्यात मी एक हिऱ्यांचा हार घेतला, तोही दुकानातून नाही, ओळखीतल्या एका दलालाकडून. रावेरकडे केळीचं पीक बरं आलं होतं, हातात पैसे होते आणि मुलीचं लग्न तोंडावर होतं. "घरच्यांना अडचण आहे म्हणून विकताहेत," असं म्हणून त्याने हारासोबत व्हॅल्युएशनचा छापील कागद पुढे केला. खाली शिक्का, सही आणि आकडा : 3,10,030 रुपये. "एवढ्याची वस्तू एक लाख नव्वदला देतोय, भाऊ. उद्या विकली तरी लाखभर सुटतील." मी पैसे मोजले. कागदाच्या वरच्या ओळीत बारीक अक्षरात 'विम्यासाठी, रिप्लेसमेंट व्हॅल्यू' असं लिहिलं होतं. ते मी वाचलंही होतं, पण त्याचा अर्थ विचारला नाही.

लग्न पुढे ढकललं आणि सप्टेंबरात बागेच्या खर्चासाठी पैसे लागले, म्हणून हार घेऊन जळगावच्या सराफ बाजारात गेलो. सोन्याचा भाव जवळपास तोच होता. पहिल्याने एक लाखाच्या आत सांगितलं. दुसऱ्या दुकानात वयस्कर सराफ होते, त्यांनी भिंगाने हार पाहिला, काट्यावर ठेवला आणि हिशेब मांडून दाखवला. एकूण वजन 14.4 ग्रॅम. त्यात हिरे दोन कॅरेट, म्हणजे फक्त 0.4 ग्रॅम. उरलं 14 ग्रॅम सोनं, तेही 18 कॅरेट, म्हणजे शंभरात 75 भाग शुद्ध. त्या दिवशी शुद्ध सोनं ग्रॅमला 6,000 धरलं, तर 18 कॅरेटचा ग्रॅम 4,500 ला पडतो. सोनं झालं 63,000 चं. गाळताना जाणारी घट वजा करून त्यांनी 61,000 धरले. दोन्ही कॅरेट हिऱ्यांचे मिळून 40,000. बेरीज 1,01,000.

मी कागद पुढे सरकवला. ते म्हणाले, "कागद खोटा नही शे, भाऊ." आणि मग त्याच कागदावरचे आकडे उलगडले. सोनं तेच 63,000. हिरे मात्र मोठ्या शोरूमच्या भावाने कॅरेटला 1,05,000, म्हणजे 2,10,000. घडणावळ 28,000. त्यावर तीन टक्के जीएसटी 9,030. हा हार हरवला तर तसाच नवा घ्यायला जो खर्च येईल, तो आकडा कागदावर होता. अशा विम्यात तोच लागतो, कारण भरपाई नवी वस्तू घेण्यापुरती धरलेली असते. पण विकायला निघालेल्या माणसाला घडणावळ कोणी परत देत नाही, भरलेला जीएसटीही परत मिळत नाही, आणि शोरूमचं भाडं, नफा, जाहिरात हे सगळं ज्या भावात मिसळलेलं असतं तो हिऱ्यांचा भाव तर कुणीच देत नाही.

हिऱ्यांवरच एवढी खोट का बसते, हे मला त्यांनीच समजावलं. सोन्याचा रोजचा भाव असतो, ते गाळलं की कुठल्याही सराफाकडे चालतं. बारीक हिऱ्यांना तसा भाव नाही. हारातले असे हिरे त्यांना सुरतेहून नवे, निवडलेले, पाकिटातच घाऊक दराने मिळतात. माझे हिरे कोंदणातून काढायचे, धुवायचे, रंग आणि स्वच्छतेप्रमाणे वेगळे करायचे, एखादा काढताना फुटणार. मग घाऊकपेक्षाही कमी दिल्याशिवाय त्यांना परवडणार कसं? ज्या दुकानातून हार पहिल्यांदा घेतला गेला, तिथे बदलीत जास्त मिळाले असते, पण मूळ बिल दुसऱ्याच्या नावावर होतं.

याउलट आईच्या पाटल्या पाहा. 20 ग्रॅम, 22 कॅरेट. त्याच दिवसाच्या भावाने नव्या घ्यायच्या तर सोनं 1,10,000, घडणावळ दहा टक्के धरून 11,000, जीएसटी 3,630, एकूण 1,24,630. विकायला गेलं तर घट जाऊन लाख-सात हजारांच्या आसपास येतात. फरक आहेच, पण तो कळतो आणि पेलवतो. दोन आकड्यांत तिप्पट अंतर पडतं ते खड्यांच्या दागिन्यात.

म्हणून कोणी व्हॅल्युएशन दाखवून दागिना 'स्वस्तात' देत असेल, तर कागद बाजूला ठेवा. निव्वळ सोनं किती ग्रॅम आणि किती कॅरेट, हे लिहून मागा. दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा, त्यातून शुद्धता कळते, किंमत नाही. आणि पैसे देण्याआधी दागिना घेऊन दोन सराफांकडे जा आणि एवढंच विचारा : आज रोख किती द्याल? मी हे त्या दिवशी विचारलं असतं, तर माझे 89,000 वाचले असते.

दलालाला फोन केला. तो म्हणाला, "कागदावर सही माझी नाही, आणि मी तो आकडा वाचूनच दाखवला." हार मी विकला नाही. बागेसाठी आईच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या. हारही सोबत नेला होता, तेव्हा बँकेच्या सराफाने हिरे वजनातून वजा केले आणि त्यांची किंमत धरलीच नाही.